आकडा कोटीचा, अक्षरं लाखाची : रकमेचे निरोप धाडणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातले सर्व तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, गटसचिव आणि पोलीस पाटील;
तसंच त्यांचे निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे धाडणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी लागली की शेतकरी यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन माझ्याकडे येतात, मी त्यांचं आधार प्रमाणीकरण करून देते, आणि मग पैसे खात्यात जायचा रस्ता मोकळा होतो. त्यामुळे तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या निरोपाचं गावात पुढे काय होतं, ते मला तुमच्याआधी कळतं. हे पत्र एकाच गोष्टीबद्दल आहे. निरोपात रक्कम अंकात एक आणि अक्षरात दुसरी असते, आणि ही तफावत बहुतेक वेळा लाख आणि कोटी यांच्यात झालेली असते. ती गावापर्यंत पोचण्याआधी कशी पकडायची, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे.

मागच्या एका यादीच्या वेळी आलेला निरोप घेते. कोणाचं नाव यायला नको म्हणून त्यातले आकडे मी बदलले आहेत, चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. निरोप असा होता : “तालुक्यातील 11,200 हेक्टर बाधित जिरायत क्षेत्रासाठी रु. 9,52,00,000/- (अक्षरी रुपये नऊ लाख बावन्न हजार फक्त) अनुदान मंजूर.”

अंकात नऊ कोटी बावन्न लाख आहेत आणि कंसात नऊ लाख बावन्न हजार. दोन्हीकडे नऊ आहे, दोन्हीकडे बावन्न आहे, म्हणून नजर अडखळत नाही. फरक मात्र शंभर पटीचा आहे.

निरोप लिहिणारा माणूस कामाचा होता, हे मी खात्रीने सांगते. चूक कुठून आली ते मूळ कागद बघितल्यावर कळलं. आदेशाच्या मजकुरात रक्कम पूर्ण अंकात होती, ती त्याने बरोबर उतरवली. सोबतच्या प्रपत्रात तीच रक्कम “952.00” अशी होती आणि रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात “रु. लाखात” असं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या हाताखालून गेलेलं दुसरं विवरणपत्र “रु. हजारात” होतं. अक्षरी रक्कम लिहिताना त्याने प्रपत्र समोर धरलं, 952 वाचलं आणि हजार मनातले लावले. 952 लाख म्हणजे नऊ कोटी बावन्न लाख, 952 हजार म्हणजे नऊ लाख बावन्न हजार. अंक एका पानावरून आले, अक्षरं दुसऱ्या पानावरून आली आणि रकान्याच्या डोक्यावरची ओळ मागेच राहिली. सरकारी कागदांत हजारात, लाखात आणि कोटीत अशा तिन्ही रीती चालतात, कधी एकाच फायलीत. म्हणून रकान्याचं डोकं न वाचता उचललेली संख्या कधीही खरी धरू नका, ही माझी पहिली विनंती.

पुढे झालं ते जास्त वाईट होतं. निरोप दुसऱ्या ग्रुपवर गेला. तिथे एका भल्या माणसाला तफावत दिसली. त्याला ऐकून ठाऊक होतं की चेकवर अंक आणि अक्षरं वेगळी असली तर अक्षरं खरी धरतात. त्याने अंक अक्षरांप्रमाणे केले, रु. 9,52,000/- लिहिलं आणि निरोप पुढे धाडला. आता अंक आणि अक्षरं तंतोतंत जुळत होती. चूक होती तशीच राहिली, पण ती ओळखायची खूण पुसली गेली. त्यानंतर हा निरोप ज्याच्याकडे गेला त्याला शंका यायचं काही कारणच उरलं नाही.

त्या माणसाने ऐकलेला नियम खरा आहे, पण तो दुसऱ्या कागदाचा आहे. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज अधिनियमातलं 18 वं कलम सांगतं की रक्कम अंकात आणि अक्षरात वेगवेगळी असेल तर अक्षरी रक्कम धरावी. हे कलम चेक, वचनचिठ्ठी आणि हुंडी यांच्यासाठी आहे. तिथे तो कागदच पैसे देण्याचं वचन असतो, त्यामागे दुसरा कागद नसतो, म्हणून कायद्याला दोन्हीतलं एक निवडावं लागतं. तरीही तफावतीचा चेक बँका बहुधा परतच करतात. तुमचा निरोप हे वचन नव्हे. तो दुसऱ्या कुठल्या तरी आदेशाची बातमी देतो. त्यात तफावत दिसली तर अंकही खरे धरायचे नाहीत आणि अक्षरंही नाहीत. मूळ आदेश काढायचा आणि त्यातली रक्कम बघायची. आदेश हाताशी नसेल तर निरोप पुढे धाडायचा नाही, आणि ज्याने पाठवला त्याला विचारायचं. एक बाजू दुसऱ्या बाजूसारखी करून टाकणं ही दुरुस्ती नाही, हे कृपा करून ग्रुप चालवणाऱ्या पोरांनाही सांगा.

आता गावात काय झालं ते सांगते. एका कॉलेजातल्या पोराने 9,52,000 ला 11,200 ने भागलं. उत्तर आलं 85. दुपारपर्यंत पारावर बातमी होती की सरकारने हेक्टरी पंच्याऐंशी रुपये दिले. लोकांनी ती लगेच खरी मानली, आणि त्याला कारण होतं. पीक विम्यात शंभर रुपयांच्या आतली रक्कम खात्यात पडलेली आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी पाहिली आहे. ज्याला एकदा तसा अनुभव आला, त्याला 85 रुपये अशक्य वाटत नाहीत. 1.20 हेक्टर असलेले एक आजोबा मला रस्त्यात म्हणाले, “ताई, एकशेदोन रुपयासाठी मजुरी पाडून अंगठा द्याले काऊन येऊ?” त्यांना मिळणार होते 10,200 रुपये. त्यांच्या फाट्यावरून माझ्या केंद्रापर्यंत यायचं तर अर्धा दिवस जातो, गाडीभाडं लागतं, वर वेचणीची रोजी बुडते. एकशेदोन रुपयांसाठी कोणीच येणार नाही. प्रमाणीकरण झालं नाही तर पैसे अडकून राहतात, आणि दोष पुन्हा तलाठ्यावर येतो.

चूक उलट्या दिशेने झाली तर नुकसान वेगळं होतं. पाण्याच्या टाकीचं काम 24.60 लाखांचं असतं आणि निरोपात “24.60 कोटी” पडतं. मग ग्रामसभेत सरपंचाला उभं केलं जातं आणि उरलेले पैसे कुठे गेले ते विचारलं जातं. हिशेबाची वही दाखवली तरी वर्षभर लोक कुजबुजत राहतात. गाव 1,800 वस्तीचं असेल तर 24.60 कोटी म्हणजे माणशी एक लाख छत्तीस हजारांच्या वर खर्च होतो. एवढा भागाकार त्या वेळी कोणी केला असता तर सभेआधीच कोटीबद्दल शंका आली असती.

निरोप धाडण्याआधी काय करायचं, ते आता सांगते.

सगळ्यात आधी स्वल्पविराम विसरून नुसते अंक मोजायचे. रुपयांच्या पूर्ण संख्येत 6 किंवा 7 अंक असतील तर रक्कम लाखांच्या घरात आहे, 8 किंवा 9 असतील तर कोटींच्या घरात. वरच्या निरोपात 9,52,00,000 मध्ये 8 अंक आहेत, म्हणजे अक्षरांत कोटी हा शब्द यायलाच हवा. तो नाही, इथेच थांबायचं. स्वल्पविरामावर मात्र भिस्त ठेवू नका. कित्येक संगणकांवर हीच रक्कम 95,200,000 अशी उमटते, कारण तिथे तीन-तीन अंकांचे गट पडतात. आपल्या डोळ्याला लाख-कोटीचे गट सवयीचे, म्हणून घाईत ती “पंचाण्णव लाख” अशी वाचली जाते. कार्यालयातल्या विंडोज संगणकावर प्रदेशाच्या सेटिंगमध्ये `Digit grouping` असं लिहिलेलं असतं, तिथे `12,34,56,789` हा पर्याय निवडला की आपल्या पद्धतीचे गट पडतात. हे एकदा करून ठेवलं की पुढचा घोळ बराच कमी होईल.

दुसरं काम अंकांवर हात ठेवून करायचं. निरोपातले अंक झाका, फक्त कंसातली अक्षरं वाचा आणि त्यावरून कोऱ्या कागदावर अंक लिहा. मग हात काढून दोन्ही ताडून बघा. अंक आणि अक्षरं एकत्र वाचली की चूक सुटते, कारण अंक वाचताच रक्कम मनात ठरते आणि डोळा अक्षरांत तीच शोधून पुढे सरकतो. झाकून लिहिलं की “नऊ लाख बावन्न हजार” चे 9,52,000 होतात आणि दोन शून्यं कमी पडलेली लगेच दिसतात. 69 साठी “एकोणसाठ” लिहिलं गेलं असेल तर तेही याच वेळी सापडतं. शेजारी कोणी असेल तर एकाने अक्षरं मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने न बघता अंक लिहावेत. जुने गटसचिव कर्जवाटपाची यादी अशीच ताडायचे, एक जण बोलायचा आणि एक जण टिक करायचा. ती पद्धत मोडायचं काही कारण नव्हतं.

दशांशाबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण घरकुलाच्या निरोपांत सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून झालेली मी पाहिली आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे 1,20,000 रुपये मिळतात. निरोपात लिहिलं जातं “1.2 लाख”. त्याची अक्षरं करताना कोणी लिहितो “एक लाख दोन हजार”. लाभार्थ्याला शेवटी एक लाख वीस हजार मिळाले तर तो काही बोलत नाही. पण निरोप वाचून शेजारच्या गावाशी ताडतो तेव्हा त्याला वाटतं की मधले अठरा हजार कोणीतरी खाल्ले. ग्रामसेवकाने काही खाल्लेलं नसतं. 1.2 मधला 2 हा वीस हजारांचा आहे, हेच कोणाच्या लक्षात आलेलं नसतं.

यावर उपाय सोपा आहे. लाखाच्या दशांशात टिंबानंतर नेहमी दोन अंक लिहा. 1.2 ऐवजी 1.20 लिहिलं की टिंबाआधीचे लाख आणि नंतरचे हजार : एक लाख वीस हजार. 1.02 असेल तर एक लाख दोन हजार. 2.5 चे 2.50 केले की दोन लाख पन्नास हजार, म्हणजे अडीच लाख, हे आपोआप जमतं. “दोन लाख पाच हजार” व्हायची भीती राहत नाही. कोटीतही हेच आहे, फक्त टिंबानंतरचे दोन अंक लाख होतात. 9.52 कोटी म्हणजे नऊ कोटी बावन्न लाख आणि 3.4 कोटी म्हणजे 3.40, तीन कोटी चाळीस लाख. टिंबानंतर तिसरा अंक आला तर मात्र दशांश सोडून द्या आणि रक्कम पूर्ण अंकात लिहा. आपले लोक बोलताना पावणेदोन लाख, सव्वा कोटी असंच म्हणतात आणि ते त्यांना नीट कळतं. पूर्ण अंकांच्या पुढे “म्हणजे सव्वा कोटी” एवढं लिहिलंत तर म्हाताऱ्या माणसालाही कोणाला विचारावं लागणार नाही.

पूर्ण अंकांच्या पुढे लाख किंवा कोटी हा शब्द चिकटवायची सवयही सोडा. “रु. 18,50,000 लाख” असं मी वाचलं आहे. याचा सरळ अर्थ लावला तर ते 18,500 कोटी रुपये होतात. एवढी रक्कम आपल्या गावाच्या रस्त्याला मंजूर झाली असं कोणी मानणार नाही, म्हणून ही चूक फारसं बिघडवत नाही. पण वाचणारा आपल्या मनाने काहीतरी कापतो, कोणी लाख शब्द काढतो तर कोणी शून्यं काढतो, आणि पुढच्या ग्रुपवर दोन वेगळ्या रकमा फिरतात.

शेवटची तपासणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. ती अंक-अक्षरांच्या बाहेरून येते, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच चुकल्या असतील तरीही ती चूक पकडते. रकमेला क्षेत्राने किंवा माणसांच्या संख्येने भागा आणि आलेला दर ठरलेल्या दराशी ताडा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत शेतीपिकाच्या नुकसानीला जिरायतीसाठी हेक्टरी 8,500, बागायतीसाठी 17,000 आणि बहुवार्षिक पिकांसाठी 22,500 रुपये होते, तेही 2 हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकार वेळोवेळी वेगळा दर किंवा वेगळी मर्यादा जाहीर करतं, म्हणून ताडताना त्या वेळच्या शासन निर्णयातलाच दर धरायचा. आपल्या उदाहरणात दर 8,500 होता. 9,52,00,000 ला 11,200 ने भागलं की बरोबर 8,500 येतात, म्हणजे अंक खरे आणि अक्षरं खोटी. 9,52,000 ला भागलं की 85 येतात. त्या कॉलेजातल्या पोराने गणित बरोबर केलं होतं. हेक्टरी दर काय ठरला आहे हे त्याला कोणी सांगितलं असतं, तर चूक त्यानेच पकडली असती.

या भागाकाराच्या मर्यादाही लिहून ठेवते, नाहीतर कोणी त्यावरून तलाठ्याशी भांडेल. यादीत जिरायत, बागायत आणि संत्र्याच्या बागा एकत्र असतील तर उत्तर 8,500 आणि 22,500 यांच्या मधे कुठेतरी येईल, नेमका दर येणार नाही. भागताना सगळं बाधित क्षेत्र घेतलं आणि काहींची शेती मर्यादेपेक्षा जास्त असली, तर उत्तर 8,500 च्या खालीही जाईल, कारण मर्यादेवरच्या क्षेत्राला पैसे नसतात. उत्तर सात हजार आलं तर घोटाळा झाला असं समजू नका, आधी अनुज्ञेय क्षेत्र किती ते विचारा. पण उत्तर 85 आलं किंवा साडेआठ लाख आलं तर तिथे लाख-कोटीचीच गडबड आहे. ही तपासणी शंभर पटीची चूक पकडते. दोन-चारशे रुपयांची चूक तिला दिसत नाही, त्यासाठी यादीच ओळीने ताडावी लागते.

मग निरोप कसा असावा? वरचाच निरोप मी असा लिहिला असता : “बाधित जिरायत क्षेत्र 11,200 हेक्टर. दर हेक्टरी रु. 8,500. एकूण रु. 9,52,00,000 (नऊ कोटी बावन्न लाख रुपये). आपली रक्कम यादीत विशिष्ट क्रमांकासमोर पहा. आदेश क्रमांक व दिनांक सोबत, आदेशाचं पान जोडलं आहे.” यात दर आहे, म्हणून 1.20 हेक्टरवाले आजोबा घरी बसून आपले 10,200 काढू शकतात. तालुक्याच्या एकूण रकमेशी त्यांना तसं काही देणंघेणं नसतं. खरं तर एकूण रक्कम सोडून नुसता दर लिहिलात तरी गावाचं भागेल, आणि निम्म्या चुका तिथेच संपतील. आदेशाचा फोटो जोडताना पान पूर्ण घ्या, रकान्याचं डोकं कापू नका. “रु. लाखात” ही ओळ कापली गेली तर तो फोटोच नव्या चुकीचं मूळ ठरतो.

आणि चूक होऊन गेलीच तर जुना निरोप गुपचूप बदलू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण तोवर तो ज्या ग्रुपवर पुढे गेला तिथे जुनीच रक्कम राहते. पुसून टाकला तरी तेच होतं. त्यापेक्षा नवा निरोप टाका आणि पहिल्या ओळीत चुकीची आणि बरोबर अशा दोन्ही रकमा लिहा : “आज सकाळच्या निरोपात अक्षरी नऊ लाख बावन्न हजार असे चुकून लिहिले गेले, बरोबर रक्कम नऊ कोटी बावन्न लाख, हेक्टरी 8,500.” चुकीची रक्कम लिहायला संकोच वाटेल, पण ती लिहिल्याशिवाय लोकांना कळत नाही की त्यांनी ऐकलेल्या कोणत्या बातमीची ही दुरुस्ती आहे. कोतवालाला दवंडीसाठी तोच मजकूर द्या, कारण ग्रुपवर नसलेल्या माणसांनी पंच्याऐंशी रुपये तोंडीच ऐकलेले असतात.

माझी मागणी तहसील आणि पंचायत समितीच्या साहेबांकडेही आहे. गावांना पाठवायच्या पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात दर आणि पूर्ण अंकातली रक्कम लिहा, आणि प्रपत्राच्या प्रत्येक पानावर “रु. लाखात” ही ओळ पुन्हा येऊ द्या. दुसऱ्या पानावर ती नसते आणि गावाचं नाव नेमकं दुसऱ्या पानावर असतं. पुढची यादी लागेल तेव्हा निरोप धाडण्याआधी कोणाला ताडून हवा असेल तर मूळ आदेशाचं पान घेऊन माझ्या केंद्रावर या किंवा फोनवर वाचून दाखवा. तुम्ही अक्षरं वाचा, मी न बघता अंक लिहीन. या कामाचे मी पैसे घेणार नाही.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
जि. यवतमाळ